तूर स्वस्त पडली की महाग? डाळ मिलमध्ये किंमत फरक आणि वापर फरक कसा काढायचा

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं कॉस्टिंग मी बघत होतो तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जानेवारीचा हिशेब मांडला. तूर ठरलेल्या भावापेक्षा स्वस्त मिळाली होती, पण डाळीच्या मानाने ती जास्त लागली होती. कागदावर खरेदी बघणाऱ्याच्या नावावर १,४४,००० रुपयांची बचत दिसत होती आणि मिस्त्रीच्या नावावर २,१६,००० रुपयांची नासाडी. शेठजींनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो एवढंच म्हणाला, "दादा, तूर वल्ली शे." तूर ओली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्या दिवशी ते कोणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा नाही. सूत्रं बरोबर होती, बेरीज जुळत होती, त्यामुळे निष्कर्षही बरोबर असणार असं मी धरून चाललो होतो.

त्याच महिन्याचा हिशेब इथे पायरीपायरीने मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण रचना तीच आहे. आधी नेहमीच्या पद्धतीने दोन्ही फरक काढू, मग मिस्त्रीचं म्हणणं त्यात घालून पुन्हा काढू.

आधी काय ठरवून ठेवायचं

पुस्तकात ज्याला प्रमाण परिव्यय म्हणतात, त्यात महिना सुरू होण्याआधीच दोन आकडे पक्के करावे लागतात. एक क्विंटल डाळीला किती तूर लागावी, आणि ती तूर कोणत्या भावाने पडावी. पहिला झाला ठरीव वापर, दुसरा ठरीव दर. प्रत्यक्षात जे घडतं ते आणि हे ठरीव आकडे यांतल्या अंतराला पुस्तकं विचरण म्हणतात, ऑफिसात त्याला व्हेरियन्स म्हणतात. मी इथे सरळ फरक म्हणेन.

आपल्या मिलने १ क्विंटल तूरडाळीला १.४० क्विंटल तूर असा वापर ठरवला होता. म्हणजे १०० किलो तुरीतून साधारण ७१ किलो डाळ. हा आकडा दुसऱ्याच्या मिलमधून उचलू नये. व्यापारी मिलमध्ये तुरीचा उतारा बहुधा ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपास असतो, पण दाण्याची जात, रोलरचा एमरी दगड, तेल-पाण्याची पद्धत आणि वाळवण यांवर तो हलतो. आपल्याच मिलमध्ये चांगल्या मालाचे तीन-चार लॉट वेगळे चालवून, आत-बाहेर वजन करून तो काढावा.

ठरीव दर होता ७,२०० रुपये क्विंटल, मिलपोहोच. "मिलपोहोच" हा शब्द महत्त्वाचा. बाजार समितीची फी, हमाली, तोलाई आणि ट्रकभाडं हे सगळं या ७,२०० मध्ये धरलं असेल, तर प्रत्यक्ष खरेदीच्या रकमेतही तेच सगळं यायला हवं. ठरीव दर मिलपोहोच आणि खरेदीचा आकडा मात्र अडत्याच्या पट्टीवरचा, अशी गल्लत झाली की दर महिन्याला खोटी बचत दिसत राहते. वजन दोन्हीकडे बारदाना वजा करून घ्यावं.

ठरीव दराच्या कागदावर आणखी एक ओळ होती, ती कोणी वाचत नसे: "ओलावा १० टक्के." ती लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

महिन्याचे आकडे गोळा करणं

जानेवारी हा नव्या तुरीच्या आवकेचा महिना. गोदाम आधी रिकामं होतं, त्यामुळे सुरुवातीचा साठा शून्य. महिन्यात दोन खरेद्या झाल्या. पहिली ४०० क्विंटल, ७,१४० रुपयांनी. दुसरी ८०० क्विंटल, ७,०५० रुपयांनी. एकूण १,२०० क्विंटल आणि एकूण रक्कम ८४,९६,००० रुपये.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. तो दोन्ही दरांची सरासरी काढतो, ७,०९५. पण दुसरा लॉट पहिल्याच्या दुप्पट आहे, म्हणून खरी सरासरी ७,०८० आहे. क्विंटलमागे १५ रुपये म्हणजे १,२०० क्विंटलवर १८,००० रुपयांची चूक. मी दराच्या वाटेला जातच नाही. एकूण वजन आणि एकूण रक्कम, एवढंच बिलांवरून घेतो.

आता वापर. गोदामाच्या रजिस्टरवर महिन्यात १,०४५ क्विंटल तूर मिलला दिल्याची नोंद होती. पण तूर गोदामातून निघाली म्हणजे डाळ झाली असं नसतं. चाळणं, रोलरवर ओरखडे पाडणं, तेल लावून मुरत ठेवणं, उन्हात पसरणं, पुन्हा रोलर, मग भरडणं, यात दिवस जातात. महिनाअखेरीला वाळवणीच्या ओट्यावर ३५ क्विंटल तूर पसरलेली होती. ती वापरली असं धरलं तर डाळीच्या बाजूला तिचं काहीच दिसणार नाही आणि अडीच लाखांची नासाडी झाल्याचा भास होईल. म्हणून ३१ तारखेला संध्याकाळी ओट्यावरचा आणि मिलच्या पोटातला माल मोजायचाच. खरा वापर निघाला १,०१० क्विंटल. शिल्लक राहिली १९० क्विंटल: १५५ गोदामात, ३५ ओट्यावर.

तयार डाळ झाली ७०० क्विंटल. त्यात खंडा, म्हणजे तुटलेली डाळ, धरलेला नाही. ठरीव वापर काढताना जो माल "डाळ" म्हणून मोजला होता, तोच इथेही मोजायचा. तेव्हा खंडा वगळला आणि आता धरला, तर उतारा आपोआप सुधारलेला दिसतो.

किंमत फरक

सूत्र साधं आहे. विकत घेतलेलं वजन गुणिले ठरीव दर, त्यातून प्रत्यक्ष मोजलेली रक्कम वजा करायची.

१,२०० × ७,२०० = ८६,४०,०००. प्रत्यक्ष मोजले ८४,९६,०००. फरक १,४४,००० रुपये, फायद्याचा. पुस्तकी शब्द अनुकूल.

प्रश्न येतो तो वजनाचा. घेतले १,२०० आणि वापरले १,०१०, मग गुणायचं कोणत्या वजनाने? दोन्ही पद्धती चालतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. घेतलेल्या वजनावर फरक काढला तर खरेदीचा सगळा परिणाम ज्या महिन्यात सौदा झाला त्याच महिन्यात समोर येतो, आणि गोदामातला साठा वह्यांत ठरीव दराने पडून राहतो. वापरलेल्या वजनावर काढला तर १,०१० × १२० = १,२१,२०० एवढीच बचत या महिन्यात दिसेल. उरलेले २२,८०० रुपये साठ्याच्या किमतीत दडून राहतील आणि ती तूर दळली जाईल त्या महिन्यात बाहेर येतील.

मी नेहमी पहिली पद्धत घेतो. सौदा जानेवारीत झाला, तर त्याची चर्चाही जानेवारीचीच व्हावी. एप्रिलमध्ये कोणाला आठवतं, ती तूर अमळनेरहून आली होती की चोपड्याहून? मात्र एकदा पद्धत धरली की ती सोडायची नाही. एका महिन्यात खरेदीवर आणि दुसऱ्या महिन्यात वापरावर, असं केलं की काही माल दोनदा मोजला जातो आणि काही एकदाही नाही.

वापर फरक

इथे पहिलं काम म्हणजे बजेट बाजूला ठेवणं. मिलने जानेवारीत ८०० क्विंटल डाळ काढायचं ठरवलं होतं. त्याला १.४० प्रमाणे १,१२० क्विंटल तूर लागली असती. प्रत्यक्ष लागली १,०१०. म्हणजे ११० क्विंटल वाचली का? नाही. डाळच १०० क्विंटल कमी झाली. तुलना नेहमी प्रत्यक्ष झालेल्या डाळीला किती तूर लागायला हवी होती, या आकड्याशी करायची.

७०० × १.४० = ९८० क्विंटल लागायला हवी होती. लागली १,०१०. म्हणजे ३० क्विंटल जास्त. ३० × ७,२०० = २,१६,००० रुपये, तोट्याचा.

या ३० क्विंटलला ७,०८० या प्रत्यक्ष दराने गुणायचं नाही. मिलमधला माणूस भाव ठरवत नाही. भाव चढला किंवा उतरला म्हणून त्याच्या नासाडीचा आकडा बदलू नये, यासाठीच वापर फरक ठरीव दराने काढतात. भावाचा सगळा परिणाम किंमत फरकात आधीच गेलेला असतो.

बेरीज जुळते का ते बघणं

दोन्ही फरक काढल्यावर ताळा केल्याशिवाय कागद पुढे देऊ नये. खरेदीला मोजलेल्या ८४,९६,००० मधून शिल्लक साठा ठरीव दराने वजा करा: १९० × ७,२०० = १३,६८,०००. उरले ७१,२८,०००. ७०० क्विंटल डाळीचा ठरीव तूरखर्च ९८० × ७,२०० = ७०,५६,०००. जास्त गेले ७२,०००. आणि दोन फरकांची गोळाबेरीज? २,१६,००० तोटा वजा १,४४,००० फायदा, ७२,०००. जुळलं.

वह्यांत याच्या नोंदी अशा पडतात. खरेदीच्या वेळी साठा खातं ८६,४०,००० ने नावे, पुरवठादार ८४,९६,००० ने जमा आणि किंमत फरक खातं १,४४,००० ने जमा. वापराच्या वेळी उत्पादन खातं ७०,५६,००० ने नावे, वापर फरक खातं २,१६,००० ने नावे आणि साठा खातं ७२,७२,००० ने जमा. साठ्यात उरले १३,६८,०००. वर्षअखेरीला हा साठा असा ठरीव दराने तसाच ताळेबंदात नेता येत नाही. लेखा मानक २ मध्ये ठरीव किंमत वापरायची मुभा आहे, पण ती खऱ्या किमतीच्या जवळ असेल तरच. म्हणून शिल्लक मालाच्या वाट्याचे २२,८०० रुपये साठ्यातून कमी करायचे. १३,४५,२०० उरतात, म्हणजे बरोबर १९० × ७,०८०.

इथवरचा हिशेब कोणत्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळवेल. आमच्या मिलमध्ये मात्र याच हिशेबाने चुकीच्या माणसाला बोल लागले.

"तूर वल्ली शे"

आठ दिवसांनी मी मिस्त्रीबरोबर गोदामात गेलो. दोन्ही लॉटच्या पोत्यांतून वरून, मधून आणि तळातून नमुने काढले आणि ओलावा मोजायच्या यंत्रावर बघितले. पहिल्या ४०० क्विंटलचा ओलावा ११ टक्के भरला, दुसऱ्या ८०० क्विंटलचा १२.५ टक्के. वजनाने सरासरी काढली तर १२ टक्के. ठरीव दर आणि ठरीव वापर हे दोन्ही आकडे १० टक्के ओलाव्याच्या तुरीवर बेतलेले होते.

वरवर पाहता दोन टक्के ही मोठी गोष्ट वाटत नाही. पण आपण पाण्याचे पैसे तुरीच्या भावाने मोजले, आणि खान्देशच्या उन्हात ते पाणी ओट्यावरून उडून गेलं. त्यातून डाळ होत नाही. ते पाणी वापराच्या बाजूला "नासाडी" म्हणून दिसतं.

हे वेगळं काढायचं तर सगळी वजनं १० टक्के ओलाव्यावर आणायची. युक्ती अशी की कोरडा भाग बदलत नाही. १२ टक्के ओलाव्याच्या १,०१० क्विंटल तुरीत कोरडा भाग ८८ टक्के, म्हणजे ८८८.८ क्विंटल. हाच कोरडा भाग १० टक्के ओलाव्याच्या तुरीत ९० टक्के असतो. म्हणून ८८८.८ ला ०.९० ने भागायचं. येतात ९८७.५६ क्विंटल.

म्हणजे मिलने खऱ्या अर्थाने वापरली ९८७.५६ क्विंटल तूर, १,०१० नव्हे. जास्त गेलेल्या ३० क्विंटलपैकी २२.४४ क्विंटल नुसतं पाणी होतं. रुपयांत १,६१,६००. मिलच्या कामाशी संबंध असलेला जादा वापर फक्त ७.५६ क्विंटल, म्हणजे ५४,४०० रुपये.

आता तीच फूटपट्टी खरेदीला लावू. १२ टक्क्यांच्या १,२०० क्विंटल तुरीचं १० टक्क्यांवरचं वजन १,२०० × ०.८८ ÷ ०.९० = १,१७३.३३ क्विंटल. ठरीव दराने त्याचे ८४,४८,००० रुपये होतात. आपण मोजले ८४,९६,०००. म्हणजे किंमत फरक ४८,००० रुपये तोट्याचा.

एक लाख चव्वेचाळीस हजारांचा फायदा म्हणून ज्याचं कौतुक झालं होतं, तो सौदा खरं तर अठ्ठेचाळीस हजारांनी महाग पडला होता. लॉटनुसार बघितलं तर कारण आणखी स्पष्ट दिसतं. ११ टक्क्यांची तूर क्विंटलमागे ६० रुपये स्वस्त मिळाली, पण तिच्यातल्या जादा पाण्याची किंमत ८० रुपये होती. १२.५ टक्क्यांची तूर १५० रुपये स्वस्त दिसली, पण पाणी २०० रुपयांचं होतं. जितका भाव उतरलेला दिसला, तितका तोटा वाढत गेला.

ताळा इथेही करा. शिल्लक १९० क्विंटलचं १० टक्क्यांवर वजन १८५.७८ क्विंटल, किंमत १३,३७,६००. (३५ क्विंटल ओट्यावरचा माल अर्धवट वाळलेला असतो. आम्ही तो गोदामातून निघाला तेव्हाच्या वजनाने आणि ओलाव्याने धरला.) ८४,९६,००० मधून ते गेले, ७१,५८,४०० उरले. ठरीव खर्च ७०,५६,०००. जास्त गेले १,०२,४००, आणि ४८,००० अधिक ५४,४०० हेही तेवढेच. आधीच्या ७२,००० पेक्षा हा आकडा ३०,४०० ने मोठा आहे. ही रक्कम कुठून आली? गोदामात पडलेल्या १९० क्विंटलमधल्या पाण्यातून. आधीच्या हिशेबाने त्या पाण्यालाही तुरीची किंमत लावून ते साठ्यात ठेवलं होतं. ती तूर फेब्रुवारीत दळली असती तेव्हा मिस्त्रीच्या नावावर आणखी तीस हजार चढले असते.

वर्षअखेरीच्या ताळेबंदात साठा अर्थातच प्रत्यक्ष खर्चावरच येतो. ओलाव्याचा हा हिशेब जबाबदारी ठरवण्यासाठी आहे, आर्थिक पत्रकासाठी नाही. दोन्ही एकाच कागदावर मिसळू नयेत.

एक्सेलमध्ये बसवायचं तर

एकदा पत्रक करून ठेवलं की दर महिन्याला सातच आकडे भरायचे. B2 ते B4 मध्ये ठरीव दर, ठरीव वापर आणि ठरीव ओलावा. B5 ते B7 मध्ये खरेदीचं वजन, खरेदीची रक्कम आणि खरेदीचा ओलावा. B8 आणि B9 मध्ये वापर आणि त्याचा ओलावा. B10 मध्ये तयार डाळ, आणि B11 मध्ये १० टक्क्यांवर आणलेला सुरुवातीचा साठा, जो आपल्या उदाहरणात शून्य आहे.

```
B12  =B5*(1-B7)/(1-B4)
B13  =B8*(1-B9)/(1-B4)
B14  =B12*B2-B6
B15  =(B10*B3-B13)*B2
B16  =(B11+B12-B13)*B2
B17  =B11*B2+B6-B16-B10*B3*B2+B14+B15
```

B14 हा किंमत फरक आणि B15 हा वापर फरक. उत्तर उणे आलं तर तोटा, अधिक आलं तर फायदा. B16 मध्ये शिल्लक साठ्याची ठरीव किंमत मिळते. B17 मध्ये शून्य यायलाच हवा. नाही आला तर कुठलं तरी सूत्र बिघडलं आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: B17 शून्य आला म्हणजे आकडे खरे आहेत असं नाही. वजनच चुकीचं भरलं असेल तर तो ते सांगू शकत नाही. म्हणून B16 मागचं वजन गोदामातल्या प्रत्यक्ष मोजणीशी दर महिन्याला ताडून बघा.

ओलाव्याची सुधारणा नको असेल तर B7 आणि B9 मध्येही १० टक्केच भरा, जुना हिशेब मिळेल. शेठजींना दोन्ही एकाशेजारी दाखवले तेव्हाच त्यांना फरक पटला.

उरलेल्या साडेसात क्विंटलचं काय

५४,४०० रुपयांचा वापर फरक उरला. तो घेऊन मिस्त्रीकडे जाण्याआधी मोजमापाची चूक किती असू शकते ते बघावं. यंत्राने सगळ्या मालावर अर्धा टक्का जरी कमी ओलावा दाखवला असेल, तरी १,०१० क्विंटलवर ५.६१ क्विंटलची चूक होते, म्हणजे सुमारे ४०,४०० रुपये. ज्या आकड्याचा तीन चतुर्थांश भाग यंत्राच्या चुकीत बसू शकतो, त्यावरून माणसाला जाब विचारू नये. असा फरक एकाच दिशेला सलग तीन-चार महिने येत राहिला, तरच तो खरा धरावा.

तोवर बघण्यासारखी एक जागा आहे: जोडमाल. चुनी, खंडा आणि टरफल यांची वजनं रोज लिहून ठेवा. डाळीमागे खंडा वाढला असेल तर रोलरची पकड घट्ट आहे किंवा दाणा जास्त वाळला आहे. चुनी आणि भुकटी वाढली असेल तर बहुधा टरफल नीट सुटत नाही, म्हणून माल पुन्हा पुन्हा रोलरवर फिरतो आहे. आणि असमान वाळलेल्या तुरीत नेमकं तेच होतं, म्हणजे ओल्या खरेदीचा परिणाम इथेही थोडा शिरलेला असतो. तो भाग सूत्राने वेगळा काढता येत नाही. आणि खंडाही वाढला नाही, चुनीही वाढली नाही, तरी तूर कमी पडते आहे, तर मग मिल सोडून वजनकाट्याकडे वळा. माल आत येताना जास्त तोलला गेला असेल किंवा तोलल्यावर कुठे तरी गेला असेल.

आमच्याकडे चुनी थोडी वाढलेली होती. जादा निघालेली चुनी पशुखाद्यवाल्यांना विकली जाते, तिचे पैसे येतात, पण ते वापर फरकातून वजा करू नयेत. जोडमालाच्या खात्यात दाखवावेत. नाही तर तूर चुनी करून विकणं हे कागदावर चांगलं काम ठरतं.

ठरीव दर जुना झाला तर

किंमत फरक वाचताना एक गोष्ट बघावीच लागते. तुरीचा हमीभाव २०२४-२५ साठी ७,५५० रुपये होता, २०२५-२६ साठी तो ८,००० झाला. बाजार हमीभावाच्या वर राहील की खाली, हे आवक आणि आयात ठरवते. म्यानमार आणि आफ्रिकेतून येणारा माल भाव पाडू शकतो. अशा वर्षात मागच्या हंगामाचा ठरीव दर तसाच ठेवला, तर दर महिन्याला मोठा किंमत फरक येईल आणि त्यात खरेदी करणाऱ्याचं कौशल्य किती हे कळणारच नाही. मी दर हंगामाच्या सुरुवातीला दर नव्याने ठरवतो. मध्येच बाजार उसळला तर फरकाचे दोन तुकडे करतो: जुन्या ठरीव दरापासून त्या आठवड्याच्या बाजारभावापर्यंतचा एक आणि बाजारभावापासून आपल्या सौद्यापर्यंतचा दुसरा. खरेदी करणाऱ्याशी बोलायचं ते दुसऱ्या तुकड्यावर. ठरीव वापर मात्र असा वारंवार बदलू नये. रोलर बदलला, वाळवणीची पद्धत बदलली, तरच.

त्या मिलमध्ये पुढे झालं ते असं. खरेदीच्या पावतीवर ओलाव्याचा रकाना आला, आणि खरेदी बघणाऱ्याच्या टेबलावर एक छोटा तक्ता चिकटवला गेला. ७,२०० च्या ठरीव दराला ९ टक्क्यांची तूर ७,२८० पर्यंत चालेल, ११ टक्क्यांची ७,१२० पर्यंत, १२ ची ७,०४०, १३ ची ६,९६०. दर एका टक्क्याला ८० रुपये. ठरीव दर बदलला की तक्ताही बदलायचा. गाडी गेटवर आली की ओलावा मिस्त्री स्वतः मोजतो, आणि पावतीवर खरेदीवाल्याच्या सहीशेजारी त्याचीही सही असते.